परिपाठात कार्बन चक्राची आकृती समजावताना : पाच मिनिटांच्या भाषणाची तयारी

पाठ्यपुस्तकातील कार्बन चक्राची आकृती एकट्याने बसून पाहण्यासाठी काढलेली असते. त्यात झाड, गाय, कारखाना, समुद्र आणि ढग असतात, त्यांना जोडणारे आठ-दहा बाण असतात आणि प्रत्येक बाणावर बारीक अक्षरांत एक नाव असते. परिपाठात भाषण करणारा विद्यार्थी बहुधा हे सगळे बाण एकामागून एक वाचून दाखवतो, आणि मैदानावर रांगेत बसलेल्या पाचवी ते दहावीच्या मुलांना शेवटी एवढेच कळते की कार्बन गोल फिरतो. तो गोल फिरतच असेल, तर इंधन जाळल्याने नेमके काय बिघडले, हा प्रश्न तसाच राहतो. भाषण या एका प्रश्नाभोवती बांधावे, आणि त्याच्या उत्तराला जे बाण लागत नाहीत ते आकृतीतून काढून टाकावेत, अशी माझी शिफारस आहे. पुढील मांडणी शिक्षक आणि भाषण करणारा विद्यार्थी यांनी मिळून तयारी करावी अशा बेताने केली आहे. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला, म्हणजे बहुतेक शाळांच्या उन्हाळी सुट्टीत येतो. त्यामुळे असे भाषण प्रत्यक्षात जुलैत किंवा २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला होते, आणि या दोन वेळांचा फरक भाषणात उपयोगीही पडतो.

आधी आकृती वाचायला शिकावे

कार्बन चक्राच्या कोणत्याही चांगल्या आकृतीत दोन प्रकारचे आकडे असतात आणि जवळजवळ सगळा गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्याने होतो. चौकटीत लिहिलेला आकडा म्हणजे त्या जागी आज असलेला साठा. बाणावर लिहिलेला आकडा म्हणजे एका वर्षात एका जागेतून दुसऱ्या जागेत जाणारा ओघ. पुण्यातल्या मुलांना हा भेद नवा नाही. पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात खडकवासला धरणसाखळीतील साठा टीएमसीमध्ये आणि मुठेत सोडलेला विसर्ग क्युसेकमध्ये छापून येतो. हे दोन आकडे कोणी एकमेकांत मिळवत नाही, आणि विसर्ग मोठा दिसला म्हणून धरण रिकामे होते आहे असेही कोणी म्हणत नाही, कारण वरून पाणी किती येते आहे हे आधी पाहिले जाते. कार्बनच्या आकृतीकडेही याच नजरेने पाहायचे आहे.

दुसरी अडचण एककाची. काही आकृत्यांत फक्त कार्बनचे वजन दिलेले असते, तर काहींत कार्बन डायऑक्साइडचे. कार्बनच्या एका अणूचे वजन १२ धरले तर कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचे वजन ४४ होते. म्हणून १ टन कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. एका तक्त्यात इंधनाचा वार्षिक आकडा १० आणि दुसऱ्यात ३७ दिसला, तर दोन्ही बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र एकाच भाषणात दोन्ही वापरले तर ऐकणारा हमखास चुकतो. आकृतीत सगळीकडे कार्बनचेच वजन घ्यावे आणि एकक ‘अब्ज टन’ ठेवावे. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे पाचवीच्या मुलांसाठी एकदा सांगावे.

या एककात चौकटींचे ढोबळ आकडे असे येतात. हवेत आज सुमारे ९०० अब्ज टन कार्बन आहे, आणि सन १७५० च्या सुमारास तो ६०० पेक्षा थोडा कमी होता. जिवंत वनस्पतींत साधारण ४५० आहे आणि मातीत त्याच्या काही पट. माती किती खोलीपर्यंत मोजली आणि गोठलेली जमीन धरली की नाही यावर मातीचा आकडा बराच बदलतो, त्यामुळे तो परिपाठात सांगू नये. समुद्रात सुमारे ३८,००० अब्ज टन आहे, म्हणजे हवेच्या चाळीसपटीहून अधिक. पण त्याचा फार मोठा भाग खोल पाण्यात असून तो हवेच्या संपर्कात यायला शतके लागतात. जमिनीखालच्या कोळशा-तेलाचा साठा प्रत्येक आकृतीत वेगळा दिसतो. तिथे आकडा न लिहिता ‘कोट्यवधी वर्षांपासून पुरलेला’ एवढेच लिहावे.

बाणांचे आकडे आणखी कमी लागतात. जमिनीवरील वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून वर्षाला सुमारे १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात आणि वनस्पती, प्राणी व मातीतील विघटक मिळून जवळजवळ तितकाच परत सोडतात. अलीकडचे काही अंदाज १२० पेक्षा जास्त आहेत. तरी दोन्ही बाजू सारख्याच वाढतात, त्यामुळे आपल्या मुद्द्याला बाधा येत नाही. समुद्र आणि हवा यांच्यात वर्षाला साधारण ८० अब्ज टन इकडून तिकडे आणि तेवढाच तिकडून इकडे जातो. इंधन आणि सिमेंट यांतून सुमारे १० हवेत जातो आणि जंगलतोडीसारख्या जमीनवापराच्या बदलांतून सुमारे १.

स्रोत कोण आणि शोषक कोण

मुलांना झाड म्हणजे शोषक आणि कारखाना म्हणजे स्रोत एवढे पाठ असते. ते अपुरे आहे, कारण झाड दिवसरात्र श्वसनही करते आणि त्याचे पान गळून कुजले की त्यातला कार्बन हवेत परततो. एखादी जागा शोषक आहे की स्रोत, हे तिच्याकडे येणारा आणि तिच्याकडून जाणारा ओघ यांच्या वजाबाकीवर ठरते. ज्या जागेतला साठा वर्षागणिक वाढतो ती शोषक आणि ज्या जागेतला घटतो ती स्रोत. हे लक्षात आले की जुने, पूर्ण वाढलेले जंगल मोठा साठा असूनही शोषक म्हणून तुलनेने मंद असू शकते, आणि तेच जंगल पेटले किंवा तोडले गेले की स्रोत बनते, ही गोष्ट मुलांना आपोआप उमगते.

वजाबाकी दाखवायला वेताळ टेकडी, पर्वती किंवा तळजाई पुरेशी आहे. जुलैत पाऊस स्थिरावला की उघड्या मुरमावर गवत उगवते आणि सप्टेंबरपर्यंत ते गुडघ्याएवढे होते. त्या गवताचा कोरडा भार जवळपास निम्मा कार्बनचा असतो, आणि तो सगळा काही आठवड्यांपूर्वी हवेत होता. डिसेंबरनंतर तेच गवत वाळते, गुरे खातात, वाळवी खाते, कुठे वणवा लागतो, आणि कार्बन हवेत परततो. म्हणजे टेकडी पावसाळ्यात शोषक आणि उन्हाळ्यात स्रोत असते, आणि वर्षाचा हिशेब जवळपास शून्यावर येतो. भाषण जुलैत असेल तर हिरव्या टेकडीकडे आणि फेब्रुवारीत असेल तर पिवळ्या टेकडीकडे बोट दाखवता येते.

हीच चढउतार साऱ्या पृथ्वीच्या हवेतही मोजली जाते. हवाईमधील मौना लोआ या पर्वतावर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजमाप सुरू केले. तिथली कार्बन डायऑक्साइडची पातळी दरवर्षी मेमध्ये सर्वांत जास्त आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सर्वांत कमी असते, कारण पृथ्वीवरील बहुतेक जमीन आणि जंगल उत्तर गोलार्धात आहे आणि तिथल्या उन्हाळ्यात पाने वाढत असतात. पुण्याजवळ सिंहगडावरही, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हवेचे नमुने गोळा करून कार्बन डायऑक्साइड मोजला आहे. सहलीला सिंहगड चढलेल्या मुलांसमोर या वाक्याचे वजन वाढते, म्हणून ते भाषणात ठेवावे.

याच ठिकाणी श्वासोच्छ्वासाचा प्रश्न सोडवून टाकावा, कारण प्रत्येक वर्गात कोणीतरी ‘माणसे वाढली, म्हणून कार्बन डायऑक्साइड वाढला’ असे म्हणतेच. आपण उच्छ्वासातून सोडलेला कार्बन आपल्या जेवणातून आलेला असतो. सकाळी खाल्लेल्या भाकरीतली ज्वारी मागच्या रब्बीत शेतात उभी होती आणि तिने तो कार्बन त्याच हंगामाच्या हवेतून घेतला होता. तो हवेत परत गेला, म्हणजे एक फेरी पूर्ण झाली. हवेत नवे काही जमा झाले नाही. ट्रॅक्टरचे डिझेल आणि खताच्या कारखान्यातला नैसर्गिक वायू यांचा हिशेब वेगळा, पण तो श्वासाच्या बाणावर लिहायचा नसतो.

ज्वालामुखी आणि खडक यांच्यावर फार वेळ घालवू नये. सगळ्या ज्वालामुखींतून वर्षाला बाहेर पडणारा कार्बन इंधनातून येणाऱ्या कार्बनच्या एक टक्क्याहून कमी भरतो. आपण ज्या काळ्या बेसाल्टवर राहतो तो खडक झिजताना पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खर्च होतो आणि शेवटी समुद्रात चुनखडीच्या रूपाने बसतो. दख्खनच्या पठाराचे हे काम खरे असले तरी ते लाखो वर्षांच्या संथ गतीने चालते, आणि भूगोलाची आवड असलेल्या एखाद्या मुलाने विचारलेच तर सांगण्यापुरतेच ते जवळ ठेवावे.

इंधन जाळल्याने काय बदलते : एका सिलिंडरचा हिशेब

भाषणाचा कणा हा आहे. घरगुती गॅसच्या सिलिंडरवर आत १४.२ किलो वायू असल्याचे लिहिलेले असते. हा वायू मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो आणि दोन्हींच्या वजनात कार्बनचा वाटा ८२ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे ११.७ किलो कार्बन असतो. तो पूर्ण जळला की त्याला ३.६७ ने गुणून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

इथे चौकस मुलगा अडखळतो, आणि त्याने अडखळावेच : १४ किलोतून ४३ किलो कसे निघाले? उत्तर हवेत आहे. कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू घेतो आणि ऑक्सिजनचा अणू कार्बनपेक्षा जड असतो. आपल्या सिलिंडरमधील कार्बनला जळायला सुमारे ३१ किलो ऑक्सिजन लागतो, ११.७ आणि ३१.२ मिळून ४२.९ होतात. उरलेला अडीच किलो हायड्रोजन जळून पाण्याची वाफ होते, ती वेगळी. ही बेरीज फळ्यावर एकदा करून घेतलेला विद्यार्थी भाषणात चाचरत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता हा ११.७ किलो कार्बन आकृतीत कुठून कुठे गेला ते पाहावे. तो जमिनीखालच्या चौकटीतून आला. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू हे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळात पुरल्या गेलेल्या सूक्ष्म सागरी जीवांपासून बनलेले आहेत. चंद्रपूरचा कोळसा, ज्याच्यावर राज्यातल्या विजेचा काही भाग चालतो, तो २५ कोटी वर्षांहूनही आधीच्या वनस्पतींचा आहे. या चौकटीकडे परत जाणारा बाण माणसाच्या काळाच्या मापाने जवळजवळ नाहीच. टेकडीवरच्या गवतातून निघालेला कार्बन पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गवतात जातो. सिलिंडरमधून निघालेला कार्बन पुन्हा तेलाच्या विहिरीत जात नाही. तो हवा, वनस्पती, माती आणि समुद्र यांच्यात फिरणाऱ्या एकूण कार्बनमध्ये कायमची भर घालतो.

म्हणूनच १२० च्या बाणाशेजारी १० चा बाण किरकोळ दिसला तरी परिणाम त्याच्याच नावावर जमा होतो. मोठ्या बाणांच्या जोड्या एकमेकांना जवळपास फेडतात. एकेरी बाणाला फेड नाही. वर्षाला इंधनाचे १० आणि जंगलतोडीचा १ असे सुमारे ११ अब्ज टन येतात. त्यांतील साधारण ३ जमिनीवरच्या वनस्पती व माती घेतात, ३ समुद्र घेतो आणि ५ हवेत राहतात. हवेतील कार्बन डायऑक्साइडचा एक पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे एक रेणू, हा सुमारे २.१२ अब्ज टन कार्बनचा असतो. ५ ला २.१२ ने भागले की वर्षाला अडीच पीपीएमच्या आसपास वाढ येते, आणि मोजमापे अलीकडे याच गतीची वाढ दाखवतात. आकृती आणि हवेचे मोजमाप असे एकमेकांशी जुळतात, ही ताळा करण्याची संधी दहावीच्या मुलांना अवश्य द्यावी.

आकृती मैदानावर कशी दाखवायची

वाचनीयतेचा ढोबळ नियम असा की दहा फुटांवरून सहज वाचण्यासाठी अक्षर सुमारे एक इंच उंच हवे. शेवटची रांग चाळीस फुटांवर असेल तर शिरोरेषेपासून खालपर्यंत चार इंचांचे अक्षर लागते. एका कार्डशीटवर या मापाचे दोन-तीन शब्दच मावतात, त्यामुळे अख्खी आकृती एका तक्त्यावर काढून दोन मुलांनी धरणे व्यर्थ आहे. त्याऐवजी हवा, झाडे, माती, समुद्र आणि जमिनीखालचे इंधन अशी पाच कार्डशीट पाच मुलांच्या हातात द्यावीत. हवेचे कार्ड धरणारा बाकावर उभा राहावा आणि इंधनाचे कार्ड धरणारा खाली बसावा, म्हणजे वर-खाली हा संबंध बोलण्याआधीच दिसतो.

बाण घोटीव कागदाच्या पट्ट्यांचे करावेत आणि त्यांची रुंदी खऱ्या प्रमाणात ठेवावी : १० अब्ज टनांना एक इंच. जमिनीवरच्या देवाणघेवाणीच्या दोन पट्ट्या प्रत्येकी बारा इंच रुंद हिरव्या, समुद्राच्या दोन पट्ट्या प्रत्येकी आठ इंच रुंद निळ्या, आणि इंधनाची एकच पट्टी एक इंच रुंद काळी. अनेक शिक्षक परिणाम ठळक व्हावा म्हणून काळी पट्टी जाड करतात. ते करू नये. पट्टी बारीक असूनही तिला जोडीदार नाही, हेच तर मुलांना दिसायला हवे.

शोषकांचा वाटा मात्र पट्टीने दाखवता येत नाही, कारण तीन अब्ज टनांची पट्टी पाव इंचाहून थोडीच मोठी होते. त्यासाठी अकरा मुले उभी करावीत. प्रत्येक मूल एक अब्ज टन. दहा जण इंधनाच्या कार्डामागून आणि एक जण झाडांच्या कार्डामागून हवेच्या कार्डाकडे चालत जातो. मग तिघे झाडे-मातीकडे वळतात, तिघे समुद्राकडे, आणि पाच जण हवेपाशीच उभे राहतात. याचा सराव किमान एकदा मैदानावरच घ्यावा. वर्गात नीट चालणारी मुले मैदानावर सातव्या-आठव्या जणापाशी एकमेकांवर आदळतात.

चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करण्याचा प्रयोग परिपाठात घेण्याचा मोह टाळावा. चाळीस फुटांवरून परीक्षानळी दिसत नाही, आणि तो प्रयोग उच्छ्वासावर बोट ठेवतो, म्हणजे आपल्या मुद्द्याच्या नेमका उलट.

भाषणाचा नमुना

पुढील मजकूर संथ गतीने, पट्ट्या आणि मुले यांना वेळ देत, सुमारे पाच मिनिटांत होतो. पाठ करून घेण्यापेक्षा क्रम लक्षात ठेवून विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत बोलावे.

“आदरणीय मुख्याध्यापक, गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो, माझ्यासमोर पाच कार्डे आहेत. या पाचही जागांमध्ये कार्बन आहे. सगळे आकडे मी अब्ज टनांत सांगणार आहे. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.

“ही हिरवी पट्टी पाहा. दरवर्षी जमिनीवरच्या वनस्पती हवेतून सुमारे १२० अब्ज टन कार्बन घेतात. आता ही दुसरी हिरवी पट्टी. पाने कुजतात, प्राणी श्वास सोडतात, गवत वाळते, आणि जवळजवळ तेवढाच कार्बन हवेत परत येतो. दोन्ही पट्ट्या सारख्याच रुंद आहेत. आपल्या टेकड्या पावसाळ्यात हिरव्या होतात आणि उन्हाळ्यात पिवळ्या, तेव्हा आपण याच दोन पट्ट्या पाहत असतो. आपला श्वासही यातच येतो, कारण त्यातला कार्बन आपल्या भाकरीतला आहे आणि भाकरीतला कार्बन हवेतला.

“या निळ्या पट्ट्या समुद्राच्या. सुमारे ८० जातात, जवळजवळ ८० येतात. यांचीही जोडी आहे.

“आता ही काळी पट्टी. हिची रुंदी फक्त एक इंच आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळून आणि सिमेंट बनवून दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत जातो. हिची जोडीची पट्टी कुठे आहे? शोधून पाहा. ती नाही. कोळसा बनायला कोट्यवधी वर्षे लागली. आपण जाळलेला कार्बन आपल्या हयातीत पुन्हा कोळसा होणार नाही.

“घरच्या गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो जळून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, कारण जळताना तो हवेतला ऑक्सिजन सोबत घेतो. या वायूला रंग नाही, वास नाही, म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

“हा कार्बन जातो कुठे? हे अकरा जण पाहा. दहा इंधनातून आले, एक तोडलेल्या जंगलातून. तिघांना झाडांनी आणि मातीने घेतले. तिघांना समुद्राने घेतले. जे जास्तीचा कार्बन घेतात त्यांना शोषक म्हणतात. पाच जण हवेत उरले. दरवर्षी असे पाच जण उरतात आणि आधीच्यांमध्ये मिसळतात. म्हणून १९५८ मध्ये हवेच्या दहा लाख रेणूंमध्ये कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते आणि आज ते ४२० च्या वर गेले आहेत. आपल्या सिंहगडावरही शास्त्रज्ञांनी हवेचे नमुने घेऊन हा वायू मोजला आहे.

“तुमच्या पुस्तकात ही आकृती आहे. आज वर्गात गेल्यावर ती उघडा आणि प्रत्येक बाणाला त्याचा परतीचा बाण आहे का, ते तपासा. धन्यवाद.”

नंतर येणारे प्रश्न

झाडे लावली की काम भागेल का, हा प्रश्न पहिला येतो. वर्षाला आठ सिलिंडर वापरणाऱ्या एका घराचा कार्बन सुमारे ९४ किलो होतो. वाळलेल्या लाकडाचा जवळपास निम्मा भार कार्बनचा असल्याने, तो धरून ठेवायला दरवर्षी सुमारे १९० किलो नवे सुके लाकूड तयार व्हावे लागेल आणि ते पुढे कधी जळता-कुजता कामा नये. यात दुचाकी नाही आणि वीजही नाही. एक झाड वर्षाला अमुक किलो शोषते, असा तयार आकडा विद्यार्थ्याने देऊ नये. जात, वय, पाणी आणि माती यांवर तो इतका बदलतो की आंबा आणि सुबाभूळ यांना एकच माप लावण्यात अर्थ नाही.

मग चूल बरी का, असाही प्रश्न येतो, आणि तो हुशार आहे. सरपणातला कार्बन अलीकडचा असतो, त्यामुळे तोडलेल्या जागी तेवढेच झाड पुन्हा वाढले तर तो हिरव्या पट्टीतच राहतो. न वाढले तर ती जंगलतोड. शिवाय चुलीच्या धुराने घरातल्यांच्या फुप्फुसांना होणारा अपाय कार्बनच्या आकृतीत दिसत नाही. आकृती एका प्रश्नाचे उत्तर देते, स्वयंपाकघराच्या सगळ्या प्रश्नांचे नाही, असे स्पष्ट सांगावे.

वाढलेला कार्बन इंधनाचाच कशावरून, हे एखादा नववीतला विद्यार्थी विचारेल. जिवंत वनस्पतींत कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अत्यल्प प्रमाणात असतो आणि सुमारे ५,७०० वर्षांत त्याचे प्रमाण निम्मे होते. कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात आणि तेलात तो उरलेलाच नसतो. त्यामुळे इंधनाचा कार्बन मिसळला की हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण पातळ होते, आणि हे हान्स सूस यांनी १९५० च्या दशकातच झाडांच्या वलयांत दाखवून दिले. दुसरा पुरावा हवेतल्या ऑक्सिजनचा : तो जळण्यात खर्च होतो तसा किंचित घटताना मोजला गेला आहे. घट इतकी अल्प आहे की श्वासाला काही धोका नाही, हेही लगेच सांगावे, नाहीतर मधल्या सुट्टीत अफवा पसरते.

समुद्र एवढा मोठा असताना सगळे का घेत नाही? वरचा थर हवेशी लवकर जुळवून घेतो, पण खाली पाणी मिसळायला शतके लागतात. शिवाय विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात कार्बोनिक आम्ल बनवतो. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू औद्योगिक काळापूर्वी ८.२ च्या आसपास होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे, आणि शंख-शिंपले व प्रवाळ यांना कवच बांधणे त्यामुळे जड जाते. पाणी तापले की त्यात वायू कमी विरघळतो, त्यामुळे पुढेही समुद्र ११ मधले ३ घेतच राहील असे गृहीत धरता येत नाही.

ओझोनच्या थराला पडलेले भोक हा विषय मुले इथे हटकून आणतात. तो क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचा वेगळा विषय आहे; एका वाक्यात वेगळा काढून ठेवावा आणि पुढे जावे.

वेळ कमी मिळाला तर

प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या झाल्यावर भाषणाला कित्येकदा दोनच मिनिटे उरतात. अशा वेळी समुद्राच्या निळ्या पट्ट्या आणि सिलिंडरचा हिशेब गाळावा. हिरवी जोडी, एकटी काळी पट्टी आणि अकरा मुले एवढे ठेवावे. अकरा मुले गाळून हिशेब ठेवण्याचा पर्याय निवडू नये, कारण मागच्या रांगेतल्या मुलांना आकडे ऐकू येतीलच असे नाही, पण हवेच्या कार्डापाशी उभे राहिलेले पाच जण त्यांना नक्की मोजता येतात.